निष्कर्षाच्या पानावर गाडगीळ पहिल्यांदाच भेटतात तेव्हा

समजा, जेऊरची एक विद्यार्थिनी एम.ए. अर्थशास्त्राचा लघुप्रबंध लिहिते आहे. विषय तिच्या गावाच्या उशापायथ्याचाच आहे: उजनीचे बॅकवॉटर आणि जेऊर परिसरातला पीकबदल. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. फुगवट्याचे पाणी करमाळा तालुक्याच्या दक्षिणेकडच्या शिवारांपर्यंत आले, काठच्या शेतकऱ्यांनी मोटारी बसवल्या, पाइपलाइनी टाकल्या, आणि ज्वारीच्या रानात आधी ऊस व नंतर केळी उभी राहिली. तिने तीन गावे निवडली. १९७५-७६ ते २०१५-१६ या काळातल्या गाव नमुना बाराच्या नोंदी काढल्या, चाळीस शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, चार प्रकरणे नीट लिहिली. आता पाचवे आणि शेवटचे प्रकरण उरले आहे, 'निष्कर्ष व शिफारशी'. जमा करायची तारीख जवळ आली आहे आणि तिने शेवटच्या प्रकरणात हा परिच्छेद लिहिला आहे:

"उजनीच्या पाण्यामुळे करमाळा तालुक्यातील शेतकरी ज्वारीकडून ऊस व केळीकडे वळला. गाडगीळ यांनीही गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या अभ्यासात (१९४८) सिंचनाचे असेच परिणाम दाखवले आहेत. ई-पीक पाहणीच्या ताज्या नोंदींवरूनही केळीचे क्षेत्र वाढल्याचे सिद्ध होते. गॅझेटियरमध्ये नमूद केल्याप्रमाणे हा भाग पूर्वी ज्वारीचा होता. एका शेतकऱ्याच्या शब्दांत सांगायचे तर, 'पाणी आलं, पण पाण्याबरोबर कर्जही आलं.'"

विद्यार्थिनी, तिचा प्रबंध आणि त्यातली गावे मी उदाहरणासाठी कल्पिली आहेत. परिच्छेद मात्र असाच असतो. प्रबंध मराठीत असो की इंग्रजीत, विषय अर्थशास्त्राचा असो की साहित्याचा, शेवटच्या प्रकरणात अशी पाच वाक्ये हमखास भेटतात. वाचायला ती भारदस्त वाटतात. परीक्षक मात्र नेमका इथेच थांबतो. या पाच वाक्यांत चार वेगवेगळे दोष आहेत, आणि ते एकेक उलगडले की निष्कर्षात नवा संदर्भ का घेऊ नये हेही कळते आणि जुना संदर्भ पुन्हा कसा द्यावा हेही कळते.

सुरुवात गाडगीळांपासून करू. धनंजयराव गाडगीळांचा हा अभ्यास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून झालेले प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रातल्या सिंचनावर लिहिणाऱ्याने तो वाचायलाच हवा, त्यामुळे आपल्या विद्यार्थिनीची निवड चुकलेली नाही. चुकली आहे ती जागा. दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, गाडगीळांचे नाव नाही. चौथ्या प्रकरणात तिच्या आकड्यांची त्यांच्या निरीक्षणांशी तुलना नाही. ते थेट शेवटच्या पानावर येतात आणि एका वाक्यात साक्ष देऊन निघून जातात.

त्या साक्षीची उलटतपासणी झालेली नाही, हा खरा प्रश्न आहे. गाडगीळांनी अभ्यासले ते कालव्याचे पाणी. ते उताराने वाहत शेतापर्यंत येते, त्याचे वाटप सरकारी खाते करते आणि शेतकरी पाणीपट्टी भरतो. जेऊरकडच्या काठावर पाणी खालून वर उपसावे लागते. मोटार, पाइप आणि विजेचे बिल हा सगळा भार शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, आणि ज्याला तो पेलत नाही त्याला धरण समोर दिसत असूनही पाणी मिळत नाही. मग दोन्हीकडचे परिणाम 'असेच' कसे? शिवाय गाडगीळांच्या अभ्यासात प्रत्यक्ष लाभ वेगळे आणि अप्रत्यक्ष लाभ वेगळे आहेत. विद्यार्थिनीने फक्त पिकाखालचे क्षेत्र मोजले आहे. त्यामुळे 'असेच परिणाम' म्हणजे नेमके कोणते, याचे उत्तर तिच्या प्रबंधात कुठेच नाही. आणि दोन अभ्यासांच्या मध्ये गेलेला काळ तर वेगळाच.

हे सगळे प्रश्न सोडवता येण्याजोगे आहेत. पण त्यांना जागा लागते. दोन अभ्यासांतले साम्य दाखवायचे तर आधी त्या अभ्यासाची पद्धत सांगावी लागते, मग फरक मांडावा लागतो, मग त्या फरकानंतरही काय उरते ते म्हणावे लागते. हे काम आढाव्याच्या आणि विश्लेषणाच्या प्रकरणाचे आहे. निष्कर्षाच्या प्रकरणात ते केले तर निष्कर्ष बाजूला राहून नवीच चर्चा सुरू होते, आणि न करता नुसते नाव घेतले तर त्या नावाच्या वजनावर आपले विधान उभे राहते. विधानाला आधार मिळाल्यासारखे दिसते आणि प्रत्यक्षात मिळालेला नसतो. म्हणून निष्कर्षात नवा संदर्भ नको. हा केवळ मांडणीचा शिष्टाचार असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते.

दुसरा दोष ई-पीक पाहणीचा, आणि तो अधिक फसवा आहे, कारण इथे ग्रंथ नाही, आकडेवारी आहे. ताजी आकडेवारी कुणाला नको असते? पण तिसऱ्या प्रकरणात विद्यार्थिनीनेच अभ्यासाचा काळ २०१५-१६ पर्यंतचा ठरवला आहे. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी. त्याआधी पिकांची नोंद तलाठी करत. त्यानंतर शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. म्हणजे नोंद करणारा माणूस बदलला, पद्धत बदलली, नोंद करण्याची कारणेही बदलली. पीकविमा किंवा अनुदान यांसाठी नोंद लागते हे कळल्यावर शेतकरी ज्या काळजीने ती करेल, ती काळजी तलाठ्याच्या जुन्या नोंदीत असेलच असे नाही. उलटपक्षी ज्याला मोबाइलवर ते जमले नाही त्याचे पीक नोंदीतून सुटण्याचीही शक्यता आहे. या दोन मालिका एकमेकींना जोडता येतात का, हा स्वतंत्र पद्धतीविषयक प्रश्न आहे. तिसऱ्या प्रकरणात त्यावर एक परिच्छेद लिहिला असता तर ठीक होते. निष्कर्षात 'सिद्ध होते' म्हणून टाकल्यावर प्रबंधाने स्वतःच आखलेली मर्यादा प्रबंधानेच मोडली आहे. मौखिकीला बहिःस्थ परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतील.

शेतकऱ्याच्या वाक्याचेही तसेच. मुलाखत तिने स्वतः घेतली आहे, वाक्य खरे आहे, काळजाला भिडणारे आहे. तरी ते नवा संदर्भच आहे. अनेक जण इथे गफलत करतात. नवा संदर्भ म्हणजे फक्त दुसऱ्याचे पुस्तक, असे त्यांना वाटते. आधीच्या प्रकरणांत न आलेली मुलाखत, न आलेला सातबारा, न आलेले छायाचित्र, हे सगळे वाचकाच्या दृष्टीने नवेच असते. त्यात हे वाक्य कर्जाविषयी आहे. कर्जाचा प्रश्न चौथ्या प्रकरणात कुठे आला आहे? चाळीस जणांपैकी किती जणांनी पाइपलाइनसाठी कर्ज काढले, सोसायटीचे की सावकाराचे, फेडले की थकले, यावर एक ओळही नाही. म्हणजे शेवटच्या वाक्याने प्रबंधाचा विषयच बदलला. हे वाक्य इतके मोलाचे असेल तर चौथ्या प्रकरणात कर्जावर एक विभाग लिहावा आणि ते तिथे ठेवावे. तेवढी माहिती गोळा केलेली नसेल तर 'पुढील संशोधनाच्या दिशा' या भागात, अवतरण न देता, उपशाच्या खर्चातून आलेल्या कर्जाचा अभ्यास व्हायला हवा असे म्हणावे. तिथे ते शोभते, कारण तिथे तो दावा नसून प्रश्न असतो.

आता गॅझेटियर. इथे संदर्भ नवा नाही. पहिल्या प्रकरणात तो आला आहे, पानासह आला आहे. पण निष्कर्षात पुन्हा सांगताना त्याचे वर्ष गळाले, आणि तेवढ्याने अर्थ बदलला. सोलापूरचे गॅझेटियर एक नाही. १८८४ चा मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड आहे, आणि १९७७ चे महाराष्ट्र शासनाचे जिल्हा गॅझेटियर आहे. पहिल्यात 'पूर्वी' म्हणजे रेल्वे येऊन जेमतेम पंचवीस वर्षे झालेला, १८७६-७७ च्या दुष्काळातून नुकताच सावरणारा मुलूख. दुसऱ्यातले 'पूर्वी' म्हणजे धरण पूर्ण होण्याच्या अगदी तोंडावरचा काळ. पीकबदल धरणामुळे झाला असे म्हणायचे असेल तर १९७७ चा ग्रंथ तिच्या फार उपयोगाचा आहे, कारण तो पाण्याआधीचे चित्र देतो. १८८४ चा ग्रंथ त्या कामी येत नाही, कारण मधल्या शंभर वर्षांत इतर कित्येक गोष्टी बदलल्या. 'गॅझेटियरमध्ये नमूद केल्याप्रमाणे' एवढेच लिहिल्यावर वाचकाने कोणता खंड उघडायचा?

जुना मुद्दा पुन्हा सांगताना संदर्भ द्यावा की नाही, असा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. माझ्या मते त्याचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: हे वाक्य कोणाचे आहे? निष्कर्षातल्या वाक्यांचे साधारण तीन धनी असतात.

पहिला धनी तुम्ही स्वतः. तुमच्या तक्त्यातून, मुलाखतींतून, विश्लेषणातून आलेले विधान. त्याला बाहेरचा संदर्भ लागत नाही, पण आतला लागतो. 'तक्ता ४.२', 'विभाग ४.४', 'प्रकरण ३' असा कंसात निर्देश करा. पान क्रमांकापेक्षा विभाग क्रमांक चांगला, कारण छपाईच्या आधी पाने हलतात, विभाग हलत नाहीत. या आतल्या निर्देशाचा फायदा वाचकाला होतोच, लिहिणाऱ्याला अधिक होतो. प्रत्येक निष्कर्षापुढे विभाग क्रमांक लिहायला बसलात की एखाद्या निष्कर्षापाशी अडता. त्याला जोडायला विभागच सापडत नाही. तो निष्कर्ष तुमच्या अभ्यासातून निघालेला नसून तुमच्या मनातून निघालेला असतो.

दुसरा धनी म्हणजे तुम्ही आधी चर्चिलेला लेखक. त्याचे म्हणणे निष्कर्षात पुन्हा आले तर त्याचे नाव आणि वर्ष पुन्हा द्यायलाच हवे. एकदा दिले की पुरे, हा समज चुकीचा आहे. दोनशे पानांपूर्वी दिलेला संदर्भ वाचकाला आठवत नाही, आणि कित्येक वाचक निष्कर्षच आधी वाचतात. तिथे नाव नसेल तर गाडगीळांचे निरीक्षण त्यांना तुमचे वाटेल. नाव आणि वर्ष पुरेसे आहे. ग्रंथाचे पूर्ण शीर्षक, प्रकाशक, हे सगळे संदर्भसूचीत असतेच. पान क्रमांक द्यायचा तो शब्दशः अवतरण असेल तेव्हा, किंवा एखादा नेमका आकडा उचलला असेल तेव्हा. मात्र निष्कर्षात शब्दशः अवतरणे घेऊच नयेत असे मला वाटते. चार प्रकरणे चर्चा केल्यावर त्या लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगता येत नसेल, तर ते आपल्याला पुरते उमगलेले नसते.

तिसरा धनी सगळ्यांचा मिळून. उजनी धरण भीमेवर आहे, जेऊर करमाळा तालुक्यात आहे, मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावर आहे. याला निष्कर्षात संदर्भ लागत नाही.

अडचण येते ती पहिला आणि दुसरा धनी एकाच वाक्यात आल्यावर. 'उपशाची सोय असलेल्या शेतकऱ्यांकडे नगदी पिके वाढली, असे दिसून आले (गाडगीळ, १९४८)' या वाक्यात दिसून कोणाला आले? गाडगीळांनी उजनीचा उपसा पाहिला असणे शक्यच नाही. धरण व्हायला त्यांच्या पुस्तकानंतर बत्तीस वर्षे जायची होती. विद्यार्थिनीला आपला निष्कर्ष आणि त्यांच्या निरीक्षणाशी साम्य, अशा दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आणि शेवटी लावलेल्या एका कंसाने दोन्ही त्यांच्या नावावर गेल्या. तिची वर्षभराची मेहनतही त्यातच गेली. अशा वेळी वाक्य तोडा. आपले म्हणणे आधी, विभाग क्रमांकासह. त्यांचे म्हणणे पुढच्या वाक्यात, त्यांचे नाव वाक्याच्या सुरुवातीला घेऊन.

आणखी एक गोष्ट निष्कर्षात हटकून निसटते. समजा, गाडगीळांचा मूळ ग्रंथ तिला मिळालाच नाही, आणि त्यांचे म्हणणे तिने दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचले. आढाव्याच्या प्रकरणात तिने प्रामाणिकपणे तसे लिहिले: गाडगीळ, १९४८, अमक्यांच्या ग्रंथात उद्धृत. निष्कर्षात जागा कमी म्हणून 'उद्धृत' हा भाग गळतो आणि फक्त 'गाडगीळ (१९४८)' उरते. आता प्रबंध असा दावा करतो की मूळ ग्रंथ पाहिला आहे. संदर्भसूचीत मात्र तो नाही, कारण सूचीत आपण पाहिलेलाच ग्रंथ जातो. परीक्षक सूची चाळतो, नाव सापडत नाही, आणि संशय सगळ्या संदर्भांवर पसरतो. पुनरुक्ती करताना वाक्य आखूड करा, संदर्भाची साखळी तोडू नका.

तळटिपांची पद्धत वापरणाऱ्यांसाठी इशारा वेगळा आहे. 'तत्रैव' आणि 'उ. नि.' ही आपल्याकडची जुनी, सोयीची रूढी. पण 'तत्रैव'चा अर्थ लगेच आधीच्या टिपेवर अवलंबून असतो, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात टिपांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. पहिलीच टीप 'उ. नि., पृ. ४२' अशी असेल तर ती 'उपरिनिर्दिष्ट' जागा शोधायला वाचकाने चार प्रकरणे मागे जायचे. शिवाय मार्गदर्शकांनी मध्ये एक टीप घालायला सांगितली की पुढचे सगळे 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटतात. शिकागो पद्धतीच्या २०१७ च्या आवृत्तीनेही अशा शब्दाऐवजी लेखकाचे आडनाव आणि आखूड शीर्षक देण्याकडे कल दाखवला आहे. निष्कर्षापुरते तरी तेच करावे: आडनाव, शीर्षकाचे दोन-तीन शब्द, पान.

आता पीएचडी करणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियम बहुतेकांना दहा टक्क्यांच्या आकड्यामुळे माहीत असतात. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, एवढेच सर्वांच्या लक्षात राहते. त्याच विनियमांतले दुसरे कलम क्वचित कोणी वाचते. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, परिणाम, निष्कर्ष आणि शिफारशी हे भाग मूळ विचारांवर आधारलेले असावेत आणि त्यांत साम्य नसावे, असे ते सांगते. सामान्य ज्ञान आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य त्यातून वगळले आहे. म्हणजे इतर प्रकरणांत जी थोडीफार ढील आहे, ती निष्कर्षाला नाही.

याचा फटका कुठे बसतो ते पाहा. चौथ्या प्रकरणातला भाग तुम्ही आधीच एखाद्या नियतकालिकात शोधनिबंध म्हणून छापला आहे. निष्कर्षात त्याच निबंधाच्या समारोपाची वाक्ये जशीच्या तशी उतरवली. वाक्ये तुमचीच, पण तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती प्रकाशित मजकुराशी जुळलेली दिसणार, तीही नेमकी निष्कर्षात. यावर उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. वाक्ये नव्याने लिहा, आणि प्रबंधाच्या सुरुवातीला तसेच चौथ्या प्रकरणात त्या निबंधाचा उल्लेख करा. मग निष्कर्षात विभाग ४.३ चा निर्देश पुरतो. नव्याने लिहिणे म्हणजे शब्दांची अदलाबदल नव्हे. चौथ्या प्रकरणात तुम्ही तक्ता वाचून दाखवत होता. निष्कर्षात त्या तक्त्याने तुमच्या मूळ प्रश्नाचे काय उत्तर दिले ते सांगायचे आहे. काम वेगळे असल्यामुळे वाक्य आपसूक वेगळे होते. ते होत नसेल तर तुम्ही अजून तक्ताच वाचत आहात.

एवढे झाल्यावर आपल्या विद्यार्थिनीचा परिच्छेद पुन्हा लिहू. तिने गाडगीळांवर दोन पाने लिहून ती दुसऱ्या प्रकरणात घातली, चौथ्यात तुलनेचा एक विभाग वाढवला, ई-पीक पाहणी काढून टाकली, कर्जाचे वाक्य वहीत ठेवले. आता परिच्छेद असा होईल:

"अभ्यासलेल्या तीन गावांत १९७५-७६ ते २०१५-१६ या काळात ज्वारीखालचे क्षेत्र घटले आणि उसाखालचे वाढले, केळीची वाढ मुख्यतः शेवटच्या दशकातली आहे (तक्ता ४.२). १९७७ च्या जिल्हा गॅझेटियरमधून मिळणारे धरणापूर्वीचे चित्र (विभाग १.३) पाहता हा बदल धरणानंतरचा ठरतो. मात्र पाइपलाइनचा खर्च पेलू शकलेल्या शेतकऱ्यांपुरताच तो ठळक आहे (विभाग ४.४). गाडगीळ (१९४८) यांनी कालव्यांच्या संदर्भात नोंदवलेल्या प्रत्यक्ष लाभांशी या बदलाचे काही अंशी साम्य आहे. कालवा आणि उपसा यांतील खर्चाच्या फरकामुळे ते कुठवर ग्राह्य धरावे याची चर्चा विभाग ४.५ मध्ये केली आहे."

पहिल्या मसुद्यात 'करमाळा तालुक्यातील शेतकरी' होता, इथे 'अभ्यासलेली तीन गावे' आहेत. हा फरक कदाचित सर्वांत मोलाचा. पुनरुक्ती करताना विधान फुगते. चौथ्या प्रकरणात 'आपल्या नमुन्यातील बहुतेकांनी' असे असते, पाचव्यात त्याचे 'शेतकऱ्यांनी' होते, शिफारशींत 'महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी' होते. विभाग क्रमांक लिहिला की फुगलेले विधान मूळ विधानाशेजारी ठेवून पाहता येते, आणि परीक्षकालाही ते करता येते. 'सिद्ध होते' गेले आणि 'ठरतो', 'काही अंशी साम्य आहे' असे शब्द आले, तेही त्याच कारणाने.

शिफारशींबद्दल थोडक्यात. इथे शासन निर्णय आणि योजनांची नावे मागच्या दाराने येतात. उपसा सिंचन योजनेची एखादी शिफारस करताना त्या योजनेचा शासन निर्णय पहिल्यांदाच उद्धृत करू नये. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकरणात धोरणांची पार्श्वभूमी देताना तो घ्यावा, मग शिफारशीत त्याचा नुसता निर्देश करावा. काही नियतकालिकांत 'चर्चा आणि निष्कर्ष' असा एकच शेवटचा भाग असतो. तिथे इतर संशोधकांशी तुलना करणे योग्यच आहे, कारण तो भाग अर्धा चर्चेचा असतो. नव्या संदर्भाची बंदी त्याच्या शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांपुरती समजावी.

आणि प्रबंध संपत आला असताना खरोखरच महत्त्वाचा नवा ग्रंथ हाती लागला तर? तो टाकून देऊ नका, निष्कर्षातही कोंबू नका. आधी तो वाचा आणि ठरवा की तो तुमच्या म्हणण्याला विरोध करतो, दुजोरा देतो, की नुसता शोभेचा आहे. विरोध करत असेल तर जमा करण्याची तारीख पुढे ढकलावी लागली तरी चर्चेत त्याला उत्तर द्यावे लागेल. ते न देता जमा केलेला प्रबंध मौखिकीत उघडा पडतो. दुजोरा देत असेल तर आढाव्यात एक परिच्छेद आणि विश्लेषणात एक-दोन वाक्ये पुरतात, आणि मग निष्कर्षात त्याचे नाव घ्यायला तुम्ही मोकळे. शोभेचा असेल तर सोडून द्या. प्रबंध बांधून जमा झाला असेल तर त्याची टिपणे काढून मौखिकीला सोबत न्या. परीक्षकांनी विचारले तर तिथे बोलता येते.

शेवटची तपासणी संगणकावर करायची. निष्कर्षाच्या प्रकरणातली सगळी आडनावे, वर्षे आणि तक्त्यांचे क्रमांक एका कागदावर उतरवा. मग प्रत्येक नाव संपूर्ण प्रबंधात Ctrl+F देऊन शोधा. जे नाव फक्त पाचव्या प्रकरणात सापडते ते नवे. ते मागे न्या किंवा काढा. मराठीत हा शोध तीन ठिकाणी दगा देतो. एक, आडनावाची लेखनरूपे: कुठे 'गाडगीळ', कुठे 'गाडगिळ'. 'गाड' एवढेच टाकून शोधले तर दोन्ही सापडतात. दोन, अंक: चौथ्या प्रकरणात देवनागरी १९४८ आणि पाचव्यात इंग्रजी आकड्यांतले 1948 असेल तर शोध एकालाच पकडतो, म्हणून दोन्ही शोधा आणि शेवटी एकच पद्धत ठेवा. तीन, फॉण्ट: एखादे प्रकरण टंकलेखन केंद्रातून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये करून घेतले असेल तर त्यातले काहीच शोधात सापडणार नाही, आणि जुना संदर्भही नवा वाटेल. ते प्रकरण आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरे आणि रफार तुटले नाहीत ना ते डोळ्यांनी वाचून पाहा, आणि मगच शोध सुरू करा.